रिटायर झाल्यावर कोणते पैसे कधी येतात? रजेच्या पैशांपासून पेन्शनपर्यंतचा सरळ हिशेब

रिटायरमेंट जवळ आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अब्बांचे पैसे आले की करू." मुलीचा निकाह, घराचा स्लॅब, हजचा अर्ज, धाकट्याची फी, सगळं त्या एका दिवसावर ढकललेलं असतं. घरातल्यांना वाटतं की ३१ तारखेला अब्बा हार-गुच्छ घेऊन घरी येतील आणि १ तारखेला खात्यात सगळी रक्कम दिसेल.

तसं होत नाही. हे पैसे एका ठिकाणाहून येत नाहीत आणि एका दिवशीही येत नाहीत. रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी कंपनी देते, पीएफ आणि पेन्शन भविष्य निर्वाह निधीचं ऑफिस देतं. प्रत्येक रकमेचा कागद वेगळा आणि मुदत वेगळी. हे आधी माहीत नसेल तर लग्नाची तारीख ठरते, हॉलला ॲडव्हान्स जातो आणि मग पतपेढीतून जादा व्याजाचं कर्ज काढायची वेळ येते. आमच्याकडे विचारायला येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची तक्रार पैसे बुडाल्याची नसतेच. पैसे येतात, पण धरलेल्या तारखेनंतर दीड-दोन महिन्यांनी.

म्हणून या लेखात आम्ही एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवणार आहोत. सरकारी नोकरांचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत. हा लेख खासगी कारखान्यात, एमआयडीसीत, गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये पर्मनंट म्हणून काम केलेल्यांसाठी आहे.

उदाहरणातले अब्बा

समजा, अब्बा १ एप्रिल १९९६ ला एका कारखान्यात लागले. मार्च २०२६ मध्ये त्यांना ५८ पूर्ण झाली आणि ३१ मार्च २०२६ ला ते रिटायर झाले. नोकरी बरोबर ३० वर्षांची. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. घरभाडे वगैरे इतर भत्ते ८,००० रुपये. म्हणजे एकूण पगार ३४,००० रुपये. पीएफच्या पासबुकात ९ लाख ८० हजार दिसतात. धाकट्या मुलीचा निकाह १० मे रोजी ठरवायचा घरात विचार आहे.

आता एकेक रक्कम पाहू.

पहिला येतो तो मार्चचा पगार

यात अडचण सहसा नसते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, तसा तो ७ एप्रिलपर्यंत येतो. काही कंपन्या मात्र "फायनलमध्ये एकत्र देऊ" म्हणून हा पगारही थांबवतात. मार्चचं काम झालेलं आहे, त्याचा पगार बाकीच्या हिशेबासाठी अडकवून ठेवायचं कारण नाही. रिटायर होण्याआधीच एचआरला विचारून घ्या, मार्चचा पगार नेहमीच्या तारखेला येणार की नाही. घराचा एप्रिल महिना त्यावरच चालणार असतो.

रजेचे पैसे: लहान रक्कम, पण चूक इथेच जास्त

साठलेली हक्काची रजा, म्हणजे जिला कारखान्यात पीएल किंवा ईएल म्हणतात, तिचे पैसे रिटायर होताना मिळतात. आजारपणाची रजा आणि किरकोळ रजा यांचे पैसे मिळतीलच असं नाही, ते कंपनीच्या नियमावर किंवा युनियनच्या करारावर असतं.

कारखान्यातल्या कामगाराचा मूळ हिशेब असा आहे. २० दिवस कामाला एक दिवस रजा. एका वर्षात कमावलेली रजा पुढच्या वर्षी वापरायची, आणि न वापरलेल्यापैकी जास्तीत जास्त ३० दिवस पुढे ओढता येतात. करारात यापेक्षा जास्त दिलं असेल तर करार चालतो. दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा कायदा आहे, त्यात ४५ दिवसांपर्यंत रजा साठवता येते.

अब्बांच्या खात्यात जुनी साठलेली रजा ३० दिवस होती. २०२५ मध्ये ते २८० दिवस कामावर होते, म्हणजे त्या वर्षाची रजा १४ दिवस. झाले ४४. बऱ्याच हिशेबपत्रकांत आकडा इथेच थांबतो. पण अब्बा जानेवारी ते मार्च २०२६ मध्येही ७५ दिवस कामावर आले होते. ७५ ला २० ने भागले की पावणेचार येतात. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण दिवस धरतात, म्हणून ४ दिवस. एकूण ४८.

शेवटच्या अपुऱ्या वर्षाची ही रजा विसरली जाते, कारण "वर्षात अमुक दिवस भरले तरच रजा" ही अट सगळ्यांच्या डोक्यात बसलेली असते. ही अट चालू नोकरीसाठी आहे. नोकरी संपताना त्या वर्षी जितके दिवस काम केलं त्या प्रमाणात रजा धरायची असते, दिवसांची अट पूर्ण झाली नसली तरी.

दुसरी गोष्ट भागाकाराची. ४८ दिवसांचे पैसे काढताना एका दिवसाचा पगार किती धरला? कंपनीने मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरून २६ ने भागलं तर एका दिवसाचे १,००० रुपये आणि एकूण ४८,००० रुपये. ३० ने भागलं तर दिवसाचे ८६६ रुपये ६७ पैसे आणि एकूण ४१,६०० रुपये. फरक ६,४०० रुपयांचा. जुन्या कारखाने कायद्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या कमाईची सरासरी धरायची पद्धत होती, म्हणजे रविवार मोजून पगार पातळ करायचा नाही. म्हणून हिशेबपत्रकावर "रजेचे पैसे ४१,६००" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारा. दिवस किती धरले, आणि कितीने भागलं?

आता मुदत. नोकरी सोडलेल्या किंवा काढून टाकलेल्या कामगाराला रजेचे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचे असतात. अनेकांनी हेच ऐकलेलं असतं आणि ते "दोन दिवसांत द्या" म्हणून भांडतात. पण कामगार वयोमानाने रिटायर झाला असेल तर कायद्याने मुदत दोन महिन्यांची आहे. म्हणजे अब्बांच्या बाबतीत मे महिन्याच्या अखेरपर्यंत. चांगल्या कंपन्या शेवटच्या दिवशी किंवा पुढच्या पगारासोबत देतात. पण कंपनीने मे अखेरीस दिले तरी तिने कायदा मोडला असं म्हणता येणार नाही. १० मेच्या निकाहासाठी या ४८ हजारांवर विसंबू नये.

या रकमेतून पीएफ कापलेला दिसला तर तेही विचारा. रजेच्या पैशांवर पीएफ कापायचा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मणिपाल अकॅडमीच्या खटल्यात दिलेला आहे. आयकराचंही तसंच. खासगी नोकरीत रिटायर होताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांना, ठरलेल्या सूत्रात बसतील तेवढ्यांना, २५ लाखांपर्यंत करमाफी आहे. अब्बांचे ४८ हजार पूर्ण त्यात बसतात.

ग्रॅच्युइटी: तीस दिवसांची मुदत

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटच्या महिन्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता घ्या, २६ ने भागा, १५ ने गुणा, आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात.

अब्बांचं: २६,००० भागिले २६ म्हणजे १,०००. गुणिले १५ म्हणजे १५,०००. गुणिले ३० वर्षे म्हणजे ४ लाख ५० हजार. कायद्याची कमाल मर्यादा २० लाख आहे आणि तेवढ्यापर्यंत करही नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ग्रॅच्युइटीचं १५ दिवसांचं सूत्र त्यात तसंच आहे, पण "वेतन" कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. आता इतर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा आहे. अब्बांचे भत्ते ३४ हजारांत ८ हजारच आहेत, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही. पण ज्यांची बेसिक १० हजार आणि भत्ते २४ हजार आहेत, त्यांचा हिशेब १० हजारांवर करून चालणार नाही. तो १७ हजारांवर व्हायला हवा. अशी पगाराची स्लिप तुमच्या घरात असेल तर हा मुद्दा एचआरला लेखी विचारा.

मुदत तीस दिवसांची. ३१ मार्चला रिटायर झाले तर ३० एप्रिलपर्यंत ग्रॅच्युइटी यायला हवी. अर्ज आला नाही म्हणून देता आली नाही, हे कारण चालत नाही, कारण कामगाराने अर्ज केला किंवा नाही केला तरी रक्कम काढून कळवणं मालकाचं काम आहे. तरीही अर्ज द्याच, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. मालकाच्या चुकीने तीस दिवसांपेक्षा उशीर झाला तर उशिराच्या काळासाठी सरळ व्याज द्यावं लागतं. जुन्या कायद्याखाली त्याचा दर वर्षाला १० टक्के ठरलेला होता.

ग्रॅच्युइटीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कॅन्टीनचं बिल, सोसायटीचं कर्ज, हरवलेलं हत्यार, अशा बाकीसाठी कंपनी ग्रॅच्युइटी थांबवते आणि लोक गप्प बसतात. ग्रॅच्युइटी जप्त करायची मुभा कायद्यात आहे, पण ती गैरवर्तनासाठी नोकरीवरून काढून टाकल्यावर, तेही ठराविक कारणांसाठी. इज्जतीने रिटायर झालेल्या माणसाला ती लागू होत नाही. बाकी खरी असेल तर तिचा वेगळा हिशेब मागा.

पीएफ: कंपनीने एक तारीख भरल्याशिवाय काही हलत नाही

सगळ्यात मोठी रक्कम बहुधा हीच असते, आणि इथे लोकांचा पहिला महिना फुकट जातो. घरातला मुलगा १ एप्रिललाच मोबाईल घेऊन क्लेम टाकायला बसतो आणि क्लेम पुढे जात नाही. मग वाटतं की साइट बिघडली आहे.

खरं कारण असं आहे. मार्चच्या पगारातला पीएफ कंपनी १५ एप्रिलपर्यंत भरते. तो भरल्यावर कंपनीने अब्बांच्या नावापुढे नोकरी संपल्याची तारीख आणि कारण ऑनलाइन नोंदवायचं असतं. स्क्रीनवर ही नोंद 'Date of Exit' म्हणून दिसते. ती आल्याशिवाय पूर्ण पैसे काढायचा फॉर्म १९ भरता येत नाही. शिवाय कारण "रिटायरमेंट" असंच नोंदलेलं आहे ना, ते पाहा. चुकून राजीनामा नोंदवला तर नोकरी सोडणाऱ्यांसाठीची थांबण्याची अट मध्ये येते.

म्हणून आमचा सल्ला असा की रिटायर होतानाच एचआरला सांगून ठेवा, "मार्चचं चलन भरलं की त्याच दिवशी तारीख टाका." अब्बांच्या उदाहरणात ती १६ एप्रिलला पडली आणि १८ एप्रिलला क्लेम गेला, असं धरू. क्लेम सगळ्या कागदांसह पोचल्यापासून २० दिवसांत निकाली काढायचा, असा योजनेचा नियम आहे. म्हणजे ८ मेपर्यंत. आधार, पॅन, बँक खातं आणि नाव सगळीकडे जुळत असेल तर अनेकदा त्याआधीही पैसे जमा होतात.

पण जुळत असेल तर. आणि आपल्या घरांत हाच मोठा घोळ असतो.

नावाचा घोळ

तीस वर्षांपूर्वी टाइम ऑफिसच्या क्लार्कने कानावर पडलं तसं नाव लिहून घेतलं. आधारवर "शेख अब्दुल रहीम", कंपनीच्या रेकॉर्डला "अब्दुलरहीम शेख", पॅनवर "रहीम अ. शेख". इंग्रजीत तर शेखचीच तीन-चार स्पेलिंगं होतात. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसता "मो." आणि कुठे "मोहंमद". अम्मींचं नाव एका कागदावर "बी", दुसऱ्यावर "बेगम", तिसऱ्यावर लग्नाआधीचं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर १ जून किंवा १ जानेवारी.

माणसाला हे सगळं एकच वाटतं. कॉम्प्युटरला ती तीन वेगळी माणसं दिसतात आणि क्लेम परत येतो. मग दुरुस्तीचा अर्ज, कंपनीची संमती, पुन्हा क्लेम, आणि वीस दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कंपनी दरम्यान बंद पडली असेल किंवा मालक बदलला असेल तर संमती कोण देणार, हाच प्रश्न उभा राहतो.

अब्बांसारख्या जुन्या कामगारांचा यूएएन २०१७ च्या आधीचा असतो. त्यांच्या नावातली किंवा जन्मतारखेतली दुरुस्ती साधारणपणे कंपनीमार्फत करावी लागते. त्यामुळे हे काम रिटायर व्हायच्या निदान सहा महिने आधी, नोकरीत असतानाच उरका. तेव्हा एचआरचा माणूस रोज भेटतो. रिटायर झाल्यावर गेटवर पास काढून त्याची वाट पाहावी लागते.

पाहायचं एवढंच: पीएफच्या साइटवर अब्बांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि बँक खातं बरोबर आहे का? यूएएन एकच आहे का, की जुन्या नोकरीचा दुसराही आहे? दुसरा असेल तर तो आधी मिळवून घ्या. आणि नॉमिनेशनमध्ये अम्मींचं नाव त्यांच्या आधारप्रमाणे आहे का? पेन्शनला हेच नाव पुढे लागतं.

पेन्शन सगळ्यात उशिरा सुरू होते

पीएफचे पैसे आले की लोकांना वाटतं काम संपलं. पेन्शनसाठी वेगळा फॉर्म १०-डी भरावा लागतो. पीएफ निघाला म्हणून पेन्शन आपोआप सुरू होत नाही. काही घरांत हे दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं.

फॉर्म १०-डी मध्ये कुटुंबाची माहिती, पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि बँक खातं लागतं. नियमात याही क्लेमला २० दिवस आहेत. पण पेन्शनमध्ये ऑफिसला ३० वर्षांची नोंद तपासावी लागते, मधल्या एखाद्या वर्षाचा पीएफ दिसत नसेल तर कंपनीला विचारणा जाते. म्हणून अर्जापासून एक ते दोन महिने धरून चालावं. दिलासा एवढा की पेन्शन ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे मधल्या महिन्यांची थकबाकी पहिल्या हप्त्यासोबत मिळते.

रकमेबद्दल आधीच सांगितलेलं बरं. पगार ३४ हजार असला तरी पेन्शनचा हिशेब साधारणपणे जास्तीत जास्त १५,००० रुपयांच्या वेतनावर होतो, आणि सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांसाठी ६,५०० रुपयांवर. त्यामुळे अब्बांसारख्या ३० वर्षे काम केलेल्या माणसाचीही पेन्शन चार ते पाच हजारांच्या घरात येते. घरखर्चाचा अंदाज यावर बांधा, पगाराच्या निम्म्यावर नको.

ज्यांच्या कारखान्यात रिटायरमेंट ६० ला आहे त्यांनी लक्षात ठेवायचं ते असं की पेन्शनचा हक्क ५८ लाच तयार होतो. तिथून पुढे पेन्शन खात्यात भर पडणं थांबतं. चालू नोकरीतही ५८ ला पेन्शन सुरू करता येते, किंवा ६० पर्यंत थांबलं तर दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. काय करायचं ते घरी बसून ठरवा, पण माहीत नाही म्हणून दोन वर्षे घालवू नका.

मग १० मेचा निकाह?

आता अब्बांचं कॅलेंडर एका ओळीत लावू. ७ एप्रिलपर्यंत मार्चचा पगार. ३० एप्रिलपर्यंत ग्रॅच्युइटीचे साडेचार लाख. सगळं नीट असेल तर ८ मेच्या आसपास पीएफचे ९ लाख ८० हजार. ३१ मेच्या आत रजेचे ४८ हजार. आणि जूनमध्ये कधीतरी पेन्शनचा पहिला हप्ता, थकबाकीसह.

कागदावर १० मे जमतो. पण ग्रॅच्युइटी १० मेच्या पुढे लांबली आणि पीएफचा क्लेम स्पेलिंगसाठी एकदा परत आला, तर १० मेच्या दिवशी खात्यात मार्चच्या पगारातून उरलेलं तेवढंच असेल. आम्हाला विचाराल तर अशा घराने निकाह जूनच्या शेवटी किंवा जुलैत धरावा. तारीख मे महिन्यातच हवी असेल तर दुसरा मार्ग आहे. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधली काही रक्कम आगाऊ काढता येते, आणि तो अर्ज अब्बा नोकरीत असतानाच, जानेवारी-फेब्रुवारीत करता येतो. त्या अर्जाला नोकरी संपल्याची तारीख लागत नाही. शिवाय नावाचा काही घोळ असेल तर तो त्याच वेळी उघडा पडतो आणि दुरुस्त करायला दोन महिने हातात राहतात.

हजच्या हप्त्यांचंही तेच. हप्त्याची शेवटची तारीख आपल्या ग्रॅच्युइटीसाठी थांबत नाही. पैसे खात्यात आलेल्या वर्षी अर्ज केला तर मनाला घोर राहत नाही.

सही करताना

शेवटच्या दिवशी एक कागद समोर येतो, त्याला सगळे "फुल अँड फायनल" म्हणतात. त्यावर खाली लिहिलेलं असतं की माझा सगळा हिशेब मिळाला, माझी काही तक्रार नाही. मिठाई, हार, फोटो या गडबडीत त्यावर सही होते. रक्कम अजून मिळालेली नसते, कधी आकडेही भरलेले नसतात.

त्या कागदावर रजेचे दिवस, दर, ग्रॅच्युइटीची वर्षे, कपात, प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली असली पाहिजे. आकडे कोरे असतील तर सही नको. रक्कम पटत नसेल पण पैशांची गरज असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "रजेच्या दिवसांबद्दल हरकत राखून रक्कम स्वीकारली", आणि तारीख टाका. कागदाचा मोबाईलवर फोटो घ्या. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांनी बोनसची ओळही पाहावी. मार्चला संपलेल्या वर्षाचा बोनस नोव्हेंबर अखेरपर्यंत द्यायचा असतो, म्हणून तो या हिशेबात नसेल तरी हक्क संपत नाही. पण "काही बाकी नाही" अशी सही झाली असेल तर नंतर वाद होतो.

मुदत टळून गेली तर पहिल्यांदा कंपनीला लेखी पत्र द्या, त्यात रक्कम आणि मुदतीची तारीख लिहा. बरीच प्रकरणं इथेच सुटतात. ग्रॅच्युइटीसाठी पुढची पायरी म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. तो कुठे बसतो ते जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात सांगतात. कंपनीच्या शाखा दुसऱ्या राज्यांतही असतील तर प्रकरण केंद्र सरकारच्या कामगार खात्याकडे जाऊ शकतं, म्हणून आधी विचारून घ्या. पीएफ किंवा पेन्शन अडकली तर ऑनलाइन तक्रारीत क्लेमचा नंबर आणि क्लेम टाकल्याची तारीख लिहा. वीस दिवस उलटले आहेत हे त्यावरून लगेच दिसतं.

तुमच्या घरात या वर्षी कोणी रिटायर होत असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. अब्बांची शेवटची पगार स्लिप, आधार आणि पीएफचं पासबुक एकत्र ठेवून तिन्हीवरचं नाव एकेक अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर उद्याच एचआरकडे जा. ते झाल्यावर रजेचे शिल्लक दिवस टाइम ऑफिसकडून लेखी मागून घ्या. निकाहाची तारीख त्यानंतर ठरवा.